चिमट्याची जाहिरात: टेलिशॉपिंगचं विडंबन, कागदापासून पडद्यापर्यंत

सोसायटीच्या गणपतीत किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला जाहिरातीचं विडंबन हमखास असतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात लोक हसतात आणि नंतर मोबाइल काढून बसतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं: करणाऱ्यांनी सगळंच फुगवलेलं असतं. अभिनय अतिरंजित, आवाज अतिरंजित, कपडे विचित्र, वस्तू विचित्र, दावेही वाट्टेल ते. मग प्रेक्षकाला ताणलेलं काय आणि साधं काय, हे कळायला पट्टीच उरत नाही.

म्हणून आधी नियम सांगतो, मग टप्पे. वस्तूचा एकच खरा गुण उचलायचा आणि तेवढाच ताणत न्यायचा. निवेदकाचा सूर, पांढरा कोट, घासाघीस केलेली किंमत, कोपऱ्यातली बारीक सूचना हे बाकी सगळं अस्सल जाहिरातीत असतं तसंच ठेवायचं. उदाहरण म्हणून कपडे वाळत घालायचा प्लॅस्टिकचा चिमटा घेऊ आणि त्याची दीड मिनिटाची टेलिशॉपिंग जाहिरात शेवटपर्यंत तयार करू.

## टप्पा १: कोणत्या जाहिरातीची नक्कल, हे आधी ठरवा

‘जाहिरातीचं विडंबन’ एवढं ठरवून भागत नाही. धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत शेजारीण असते, डाग असतो आणि पडदा मधोमध दुभंगून डावीकडे मळका व उजवीकडे लख्ख शर्ट दिसतो. टूथपेस्टच्या जाहिरातीत कोणीतरी माइक घेऊन थेट न्हाणीघरात शिरतं आणि घरातल्या कोणालाही त्याचं नवल वाटत नाही. टेलिशॉपिंगची रचना वेगळी: रडवेली समस्या, वस्तूचं आगमन, एकामागोमाग प्रात्यक्षिकं, समाधानी ग्राहक, कोसळत जाणारी किंमत आणि ‘थांबा, अजून संपलेलं नाही!’

यांतला एकच साचा घ्या. दोन साचे मिसळले की प्रेक्षकाला पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही आणि अंदाज नसेल तर तो मोडण्यातली गंमतही जाते. पहिल्यांदाच करत असाल तर टेलिशॉपिंग घ्या. तिथले टप्पे लांब असतात आणि मूळ जाहिरातच इतकी गंभीरपणे फुगवलेली असते की तुमचं निम्मं काम झालेलं असतं.

तपासणी: निवडलेल्या प्रकारातल्या दोन-तीन खऱ्या जाहिराती आवाज बंद करून पाहा. कुठे रंग बदलतो, कुठे वस्तू फिरते, कुठे अक्षरं येतात, ते टिपून ठेवा. ही टिपणं टप्पा ४ मध्ये लागतील.

## टप्पा २: वस्तू निवडा आणि तिच्याकडे नीट बघा

वस्तू एकच काम करणारी हवी, घरोघरी असलेली हवी आणि तिचा एखादा दोष सगळ्यांना माहीत असावा. मोबाइल या कामाला वाईट, कारण तो दहा कामं करतो. गाळणी, सांडशी, सेफ्टी पिन, शर्टाचं बटण या वस्तू चांगल्या.

चिमटा समोर ठेवा आणि कागदावर फक्त खऱ्या गोष्टी लिहा, विनोद अजिबात नको. तो धरून ठेवतो. त्याला दोन पाय आणि मध्ये स्प्रिंग आहे. स्प्रिंग निसटून खाली पडते आणि मग सापडत नाही. स्प्रिंग गंजली की पांढऱ्या कपड्यावर तपकिरी डाग पडतो. उन्हात राहून प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि एक दिवस दाबल्यावर कट् करून मोडतं. डझनाने आणावे, तरी ऐन वेळी चारच सापडतात.

आता यातला गुण कोणता आणि दोष कोणता, ते वेगळं करा. गुण एकच: धरून ठेवणं. सगळे दावे यातूनच निघतील. दोष मात्र जपून ठेवायचे. ते शेवटच्या बारीक सूचनेत कामाला येतात, त्याआधी नाही.

सावधान: इथे हमखास होणारी चूक म्हणजे वस्तूलाच नावं ठेवणं. ‘आमचा चिमटा लगेच मोडतो, तरी घ्या’ हा वेगळा विनोद आहे आणि तो दोन वाक्यांत संपतो. या प्रकारात जाहिरात करणाऱ्याचा चिमट्यावर अढळ विश्वास असायला हवा.

वस्तूला नाव द्या. आपण ‘पकडराज’ म्हणू. नाव खऱ्या कंपन्यांसारखंच वाटलं पाहिजे. ‘चिमटूलाल’ असं काही ठेवलंत तर पहिल्याच क्षणी गुपित फुटतं. ठरवलेल्या नावाचा खरा माल बाजारात आहे का, तेही शोधून घ्या.

## टप्पा ३: दाव्यांची शिडी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक विडंबनं इथेच पडतात, कारण पहिलाच दावा चंद्रावर पोहोचलेला असतो. मग पुढे चढायला जागाच राहत नाही.

पायऱ्या अशा रचायच्या की प्रत्येक पायरीवर ‘धरून ठेवणं’ तेच राहील, फक्त काय धरलं ते बदलत जाईल. पकडराजची शिडी बघा.

पहिली पायरी अगदी खरी: वाऱ्यात शर्ट धरून ठेवतो. इथे कोणी हसणार नाही आणि हसूही नये. प्रेक्षकाने मान डोलावली की पाया बसला.

दुसरी पायरी जरा जास्त: जुलैचा पाऊस, गॅलरीत घोंघावणारा वारा. शेजारच्यांचे कपडे उडाले, त्यांची दोरी उडाली, कुंडीही उडाली. आपला शर्ट जागचा हलला नाही. हे अशक्य आहे, पण अजून कपड्यांपुरतंच आहे.

तिसऱ्या पायरीवर कपडे सुटतात आणि घरात जे जे निसटतं ते धरलं जातं. टीव्हीचा रिमोट सोफ्याला चिमटलेला. ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून कट्ट्यावर निघालेले बाबा कॉलरला धरून खुर्चीला चिमटलेले.

चौथ्या पायरीवर हाताला न लागणाऱ्या गोष्टी. प्लंबरने दिलेला ‘उद्या येतो’ हा शब्द कागदावर लिहून दोरीला चिमटला, आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. मग शेवटचा दावा: महिन्याचा पगार वीस तारखेपर्यंत धरून ठेवतो.

पगार सर्वांत वर का? कारण शर्ट उडणं ही एका घरातली घटना असते, पगार उडणं सगळ्यांच्याच घरात चालू असतं. शिवाय ‘उडाला’ हे क्रियापद दोघांनाही लागू पडतं, त्यामुळे उडी लांब असूनही पाय घसरत नाही. आणि तारीखही बघा. ‘महिनाभर’ म्हटलं असतं तर तो नुसता फुगा झाला असता. ‘वीस तारखेपर्यंत’ म्हटल्याने दावा एकदम प्रामाणिक वाटायला लागतो. अतिशयोक्तीत आकडा असा थोडा आखडता घेतला की जास्त चावतो.

तपासणी: प्रत्येक दाव्यापुढे ‘कारण तो धरून ठेवतो’ हे शब्द जोडून वाचा. ‘पकडराजने केस गळणं थांबतं, कारण तो धरून ठेवतो’ हे चालेल. ‘पकडराजने परीक्षेत पहिला नंबर येतो, कारण तो धरून ठेवतो’ हे लंगडं आहे, कितीही हशा मिळेल असं वाटलं तरी काढा. चारच्या वर पायऱ्या नकोत.

## टप्पा ४: दीड मिनिटाची वाटणी

नव्वद सेकंदांत घाईघाईने बोललात तर दोनशे शब्द बसतात, पण ते बसवायचे नाहीत. दृश्याला आणि हशाला जागा हवी, म्हणून बोललेले शब्द दीडशेच्या आसपास ठेवा. वाटणी साधारण अशी:

- ०–१५ सेकंद: समस्या, काळ्या-पांढऱ्या रंगात
- १५–२५: पकडराजचं आगमन, रंग परत
- २५–५०: चार पायऱ्यांची प्रात्यक्षिकं
- ५०–६५: पांढरा कोट आणि समाधानी ग्राहक
- ६५–८२: किंमत, भेटवस्तू, फोन
- ८२–९०: बारीक सूचना

समस्येच्या पंधरा सेकंदांबद्दल थोडं सांगायला हवं. टेलिशॉपिंगमधली समस्या जगातल्या कुठल्याही माणसाला येत नाही, इतकी अवघड करून दाखवलेली असते. साधं टोमॅटो चिरताना माणूस हतबल होऊन कपाळाला हात लावतो. तेच इथे करा. बाई टॉवेल दोरीवर टाकते, तो पडतो. पुन्हा टाकते, पुन्हा पडतो. तिसऱ्यांदा ती स्वतःच दोरीत गुंतते आणि कॅमेऱ्याकडे बघून मान हलवते. चौथ्यांदा नको.

## टप्पा ५: संवाद लिहिणं

या जाहिरातींची मराठी हिंदीतून घाईने आलेली असते. तिचा तो किंचित वाकडा, अति-सभ्य सूर जसाच्या तसा उचला. तुमची घरगुती, सहज मराठी इथे घात करेल. पकडराजची पूर्ण संहिता अशी:

> निवेदक: काय, तुम्हीसुद्धा वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे धावून थकला आहात? काय, तुमच्याही जीवनातून टॉवेल निघून गेला आहे?
>
> निवेदक: आता चिंता सोडा! सादर आहे पकडराज! ज्याची पकड देते तुम्हाला पूर्ण विश्वास.
>
> *(वारा, पाऊस.)* शेजाऱ्यांची दोरी गेली. कुंडी गेली. पण शर्ट? शर्ट इथेच आहे.
>
> *(रिमोट. मग खुर्चीला चिमटलेले बाबा.)* इतकंच नाही. पकडराज घरातल्या प्रत्येक निसटणाऱ्या गोष्टीवर तितकाच प्रभावी.
>
> *(कागद. दारावरची बेल. प्लंबर.)* दिलेला शब्द असो…
>
> *(पगाराच्या नोटा दोरीवर.)* …की महिन्याचा पगार. पूर्ण वीस तारखेपर्यंत!
>
> पांढरा कोट: साध्या चिमट्याला दोन पाय असतात. पकडराजलाही दोनच आहेत, पण त्यात आहे अ‍ॅक्टिव्ह स्प्रिंग. म्हणूनच दहापैकी नऊ दोऱ्या पकडराजची शिफारस करतात.
>
> ग्राहक, डोंबिवली: आधी माझा आत्मविश्वास उडून जायचा. आता टॉवेलसुद्धा उडत नाही.
>
> निवेदक: बाजारात असा चिमटा मिळतो तीन रुपयांना. पण आम्ही तो तुम्हाला देत आहोत फक्त आणि फक्त नऊशे नव्व्याण्णव रुपयांत! थांबा, अजून संपलेलं नाही! आत्ता फोन केल्यास त्यासोबत मिळेल आणखी एक पकडराज, पहिल्या पकडराजला पकडून ठेवण्यासाठी. अगदी मोफत!
>
> बारीक आवाजात, भरभर: पगारावरील परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतो. पकडराज पाण्यापासून दूर ठेवा. पकडराज उन्हात ठेवू नये.

‘उन्हात ठेवू नये’ हे वाक्य अगदी शेवटी आहे, हे लक्षात घ्या. कपडे वाळत घालायची वस्तू आणि ती उन्हात ठेवायची नाही, एवढ्यावर अख्खी इमारत बसते. टप्पा २ मध्ये लिहिलेला ठिसूळ प्लॅस्टिकचा दोष इथे वसूल झाला. हेच वाक्य आधी आणलंत तर मागचे सगळे दावे फुकट जातात.

भारतातल्या खऱ्या जाहिरातींना इथे उलटी बंधनं आहेत, तीही माहीत असू द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार बारीक सूचना मुख्य दावा अधिक स्पष्ट करू शकते, पण त्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. आणि ती दाव्याच्याच भाषेत हवी. आपली शेवटची ओळ यातला पहिलाच नियम मोडते, म्हणून ती चावते. सूचना इंग्रजीत टाकण्याचा मोह काहींना होतो. तसं केलंत तर निम्मं सभागृह ऐन विनोदाला मुकेल.

सावधान: पडद्यावर दहा आकडी फोन नंबर मनाने रचून टाकू नका. तो कोणाचा तरी असतोच आणि लोक खरंच लावून बघतात. ‘९९९-पकड-पकड’ असं काही टाका. खऱ्या कंपनीचं नाव, बोधचिन्ह किंवा त्यांची धूनही नको. धुनेवर कोणाचा तरी हक्क असतो. तशी वाटणारी तीन-चार सुरांची स्वतःची धून करायला पेटी वाजवणारा एक मित्र पुरतो.

## टप्पा ६: तालीम

एकच गोष्ट घोटवून घ्यायची: कोणीही हसायचं नाही आणि ‘बघा, आम्ही गंमत करतोय’ असं तोंड करायचं नाही. पांढऱ्या कोटातला माणूस दोऱ्यांच्या शिफारशीचं वाक्य औषध लिहून देताना बोलतात त्या सुरात म्हणाला पाहिजे. सोसायटीतला सगळ्यात विनोदी माणूस या भूमिकेला घेऊ नका. बँकेत काम करणारे, हिशेबाने बोलणारे काका घ्या. त्यांना वाक्य पाठ झालं की काम झालं.

वाक्य नीट आलं आणि समोरचे हसले, तर बोलणाऱ्याने वेग वाढवायचा नाही. नवखे कलाकार हशाने चेकाळतात आणि पुढचं वाक्य आवाज चढवून टाकतात. तिथून गाडी उतरते.

## टप्पा ७: चित्रण

मोबाइल आडवा धरा आणि टेकूवर ठेवा. सकाळी खिडकीच्या उजेडात शूट करा. घरातल्या ट्यूबखाली कधी कधी चित्रात पट्टे लुकलुकतात, ते नंतर काढता येत नाहीत. प्रत्येक भागात कपड्यांचे रंग एकसारखे ठेवा: समस्येत करडे, मळकट, पकडराज आल्यावर तेच कलाकार पिवळ्या-लाल कपड्यांत.

क्रम संहितेप्रमाणे ठेवू नका. आधी कोरड्या जागेतली दृश्यं, सगळ्यात शेवटी पावसाचं, कारण एकदा भिजलेला शर्ट आणि माणूस दोन्ही पुन्हा वापरता येत नाहीत. वाऱ्यासाठी टेबलफॅन चौकटीबाहेर ठेवा. पाऊस झारीने पाडायचा, आणि झारीवाला पंख्यापासून लांब उभा राहील हे बघा. पाणी आणि पंखा यांची जोडी नको: वारा घ्यायचाय तेव्हा पाणी बंद, पाणी घ्यायचंय तेव्हा पंख्याची वायर काढलेली. दोन्ही एकत्र हवेच असतील तर कपडे हलवायला माणूस लावा.

कुंडी उडवायला प्लॅस्टिकची रिकामी कुंडी घ्या आणि तिला मासेमारीची तंगूस बांधून बाजूने ओढा. तंगूस उजेडासमोर आली की चमकते, म्हणून ती कॅमेऱ्याच्या बाजूने न ओढता मागच्या भिंतीलगत न्या. आणि शर्ट खरंच हलू नये म्हणून त्याच्या कडा पाठीमागून पुठ्ठ्याला टाचून घ्या. सगळं उडत असताना एकटा शर्ट पुठ्ठ्यासारखा ताठ, हे चित्र संवादाशिवायही चालतं.

बाबांना खुर्चीला चिमटताना चिमटा फक्त कापडाला लावा. लहान मुलांना कानाला, बोटाला लावून ‘जास्त मजा येईल’ असं कोणी ना कोणी सुचवतंच, ऐकू नका.

पगारासाठी खऱ्या नोटा दोरीला लावू नका, फाटतात. मुलांच्या व्यापाराच्या खेळातल्या नोटा चालतील, किंवा नुसतं ‘पगार’ लिहिलेलं पाकीट.

तपासणी: घरी परतण्याआधी प्रत्येक दृश्य मोबाइलवर एकदा पूर्ण पाहा. चिमट्याचा जवळून घेतलेला, हळूहळू फिरणारा शॉट घेतला का? तो सगळेच विसरतात. चिमटा उलट्या वाटीवर ठेवून वाटी फिरवा, मागे गडद निळा कागद लावा, हात चौकटीबाहेर ठेवा.

## टप्पा ८: डबिंग आणि जोडणी

ओठ आणि आवाज यांची फारकत हा या प्रकाराचा हुकमी एक्का. ती नंतर खटपट करून आणण्यापेक्षा चित्रणातच सोय करा: पांढरा कोट आणि ग्राहक यांनी कॅमेऱ्यासमोर हिंदीत किंवा इंग्रजीत साधारण तेवढ्याच लांबीचं काहीही बोलायचं, मराठी आवाज नंतर वेगळा भरायचा. आवाज संपल्यावरही ओठ दोन शब्द चालत राहिले पाहिजेत. हे एका माणसापुरतं, फार तर दोघांपुरतं. निवेदक दिसतच नाही, त्याला लागू नाही.

आवाज भरताना कपाट उघडून कपड्यांच्या समोर उभं राहून बोला. खोलीचा घुमारा कमी होतो. शेवटची सूचना सावकाश, स्पष्ट उच्चारात ध्वनिमुद्रित करा आणि मग तिचा वेग दीडपट करा. मुळातच भरभर बोललात तर शब्द चेचले जातात. शेवटचं वाक्य, ‘उन्हात ठेवू नये’, मात्र नेहमीच्या वेगाने जाऊ द्या आणि त्याच्या आधी श्वासाएवढी जागा सोडा.

समस्येच्या भागातून रंग पूर्ण काढा, पकडराज आल्यावर गरजेपेक्षा जास्त भरा. चौकट जुन्या टीव्हीसारखी चार-तीनच्या प्रमाणात कापलीत तर काही न सांगता काळ उभा राहतो.

## टप्पा ९: दाखवण्याआधी

संहितेत आणि चित्रणात नसलेल्या एका माणसाला सोबत बसवा. तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. तो पहिल्या पंधरा सेकंदांतच हसायला लागला, तर समस्या जास्त ताणली गेली आहे; एक टॉवेल कमी करा. प्लंबरला हसला आणि पगाराला नाही, तर दोन्ही दृश्यांमध्ये पुरेसं अंतर नाही. हशा ओसरायला दीड-दोन सेकंदांचा रिकामा शॉट घाला. फिरता चिमटा तिथे उपयोगी पडतो. ‘दहापैकी नऊ दोऱ्या’ त्याला ऐकूच आलं नाही, तर तो विनोदाचा दोष नाही. मागची धून मोठी झाली आहे, ती कमी करा.

मंडपात स्पीकर मोठे आणि घुमणारे असतात. घरी हेडफोनवर स्पष्ट वाटलेली बारीक सूचना तिथे गडप होते. म्हणून कार्यक्रमाच्या आधी मंडपातच, त्याच स्पीकरवर, शेवटच्या खुर्चीत बसून ऐका. तरीही अस्पष्ट वाटली तर सूचनेची अक्षरं पडद्यावर ठळक टाका आणि ‘उन्हात ठेवू नये’ निदान तीन सेकंद तशीच राहू द्या.